सोलापूरचं केंद्र रद्द झालं तेव्हा

आमच्या खोलीत उजेड दारातूनच यायचा, आणि त्या उजेडावर पहिला हक्क विड्यांचा होता. अम्मा उंबऱ्याशी बसायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. मला अभ्यासाला जागा हवी असेल तर आधी पानं कापून द्यायची, मग पुस्तक उघडायचं. लोक विचारतात, घरात अभ्यासाचं वातावरण होतं का. वातावरण तंबाखूचं होतं. पुस्तकाची पानं उलटताना शिंका यायच्या.

वडील, म्हणजे आमचे नान्ना, टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचे. मी दहावीत असताना छातीच्या आजाराने गेले. अन्ना, माझा थोरला भाऊ, तेव्हा अकरावीत होता. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तो नान्नांच्याच मागांवर उभा राहिला आणि परत कॉलेजात गेला नाही. कोणी त्याला तसं सांगितलं नव्हतं. संध्याकाळी घरी आला तेव्हा केसांत, भुवयांत, कानांत पांढरा कापूस. अम्मा त्याच्याकडे बघून रडली, कारण तो हुबेहूब नान्नांसारखा दिसत होता. तो मला म्हणाला, "चेल्ली, तू शिक. घरात एक जण तरी शिकू दे."

घरात आम्ही तेलुगू बोलतो. चेल्ली म्हणजे धाकटी बहीण. इथे त्यांचं बोलणं मी मराठीत लिहिते आहे, पण ऐकू मात्र मला तेलुगूतच येतं.

मी शिकले. बी.कॉम. झाले. आमच्या बोळात माझ्याआधी मुलगी तर सोडाच, मुलगासुद्धा पदवीपर्यंत गेला नव्हता. हे मी मिरवूनच सांगते. निकालाच्या दिवशी अन्नाने कारखान्यात पेढे वाटले. माग चालू असले की तिथे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून त्याने माझी गुणपत्रिका हातात धरून प्रत्येकाला दाखवली होती म्हणे. तिच्यावर तेलाचे डाग पडले. ते डाग अजून आहेत.

पदवीनंतर मी सरकारी लिपिकाच्या परीक्षेचा अर्ज भरला. परीक्षा संगणकावरची, पुष्कळ दिवस चालणारी, रोज सकाळ-दुपारच्या पाळ्यांत. अर्जात मोबाईल नंबर लागतो. मी अन्नाचा दिला. माझ्याकडे फोन नव्हता असं नाही, अन्नाचाच जुना फोन मी वापरत होते. पण आमच्या घरात मुलीचा नंबर कुठे लिहायचा नाही अशी रीत होती. शाळेच्या दाखल्यापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत, आधी नान्नांचं नाव होतं, मग अन्नाचा नंबर. कोणी कडक नियम केला होता असंही नाही. जेवताना उजवा हात पुढे येतो तसा अन्नाचा नंबर पुढे यायचा. ईमेल ज्या दुकानात अर्ज भरला तिथल्या चाचांनी माझ्या नावाने काढून दिला. त्याचा पासवर्ड त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिला आणि मी ती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवली. तो ईमेल उघडायचा असतो हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

या परीक्षेत दिवस आणि केंद्र उमेदवाराने स्वतः निवडायचं होतं. ठरल्या दिवशी सकाळी वेबसाईटवर खिडकी उघडणार, जो आधी येईल त्याला हवी ती जागा. मी चाचांच्या दुकानात शटर वर जायच्या आत हजर होते. माझ्यासोबत अभ्यासिकेतली माझी मैत्रीण होती. ती मोहोळहून रोज एसटीने यायची आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीला घाबरायची नाही, फक्त संगणकाला घाबरायची.

"चाचा, माझं आदी करा," ती म्हणाली. "माझी गाडी हाय."

"बेटा, सर्व्हरला तुझी गाडी माहीत नाही," चाचा म्हणाले.

सोलापूर निवडल्यावर पडद्यावर तीन केंद्रं आली. प्रत्येकापुढे तारखा, पाळ्या आणि उरलेल्या जागांचे आकडे. आकडे आमच्या डोळ्यांदेखत कमी होत होते. बाजारात शेवटची जुडी कोणी उचलावी तसे. आम्ही दोघींनी पुणे रोडवरच्या एका कॉलेजचं केंद्र निवडलं, दुपारची पाळी. परीक्षेच्या त्या दिवशी अन्नाची सुट्टी असणार होती, तो मला गाडीवर सोडणार होता. 'निश्चित करा' दाबलं की नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. तो दहा मिनिटांत टाकला नाही तर जागा पुन्हा सगळ्यांसाठी खुली होते. मी अन्नाला फोन लावला. मागांचा खडखडाट ऐकू आला, मग तो पळत बाहेर आल्याचा श्वास. त्याने आकडे सांगितले, मी टाकले, पडद्यावर हिरवी खूण आली.

"झालं का?" त्याने विचारलं.

"झालं."

"सोलापूरच ना?"

"सोलापूरच."

"मग बास," तो म्हणाला. त्याचा आवाज आनंदाचा होता. हे मला नक्की आठवतं, आणि पुढे जे झालं त्यानंतरही हे खोटं होतं असं मला म्हणता येत नाही.

स्लॉटची पावती चाचांनी छापून दिली. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की एकदा निश्चित केलेली जागा बदलता येणार नाही. केंद्र रद्द झाल्यास उमेदवाराला मोबाईलवर आणि ईमेलवर कळवून नव्याने निवड करण्याची मुदत दिली जाईल. मुदतीत निवड न केल्यास उपलब्धतेनुसार जागा दिली जाईल आणि ती अंतिम राहील. मी ते वाचलं होतं. मी सगळं वाचते. पण कळवलं जाईल असं लिहिलंय म्हणजे कळेल, एवढाच अर्थ मी घेतला.

पुढचे दिवस पाठ करण्यात गेले. मी पहाटे पानं कापायची, अम्मासोबत विड्या वळायची, मग अभ्यासिकेत. अम्माची बोटं त्या वर्षी आखडायला लागली होती. दोरा बांधताना तिचा अंगठा वाकायचा नाही. विडी कारखान्याचं कामगार कार्ड तिच्या नावावर होतं, पण विड्या बहुतेक माझ्या हातच्या जात. चेकर विडी दाबून बघतो, सैल असली की बाजूला फेकतो. माझी एकही विडी तो फेकत नव्हता. अम्मा टोपली घेऊन परत आली की सांगायची, "आज पण सगळ्या घेतल्या." मला त्याचाही अभिमान वाटायचा. त्या वाक्याचं वजन मला तेव्हा कळलं नाही.

मग एका दुपारी अभ्यासिकेच्या पायऱ्यांवर डबा खाताना मोहोळची मैत्रीण सहज बोलून गेली.

"बरं झालं बाई, आपलं केंद्र गेलं ते. दुसरं मला स्टँडपासनं जवळ पडतंय."

"कुठलं केंद्र गेलं?"

"आपलंच की. पुणे रोडचं." तिने भाकरीचा तुकडा हातातच धरला. "तुला म्हाईत न्हाय? मेसेज आलता. मी तर लई घाबरले, पळत चाचांकडं गेले. सोलापुरात थोड्याच जागा ऱ्हायल्या हुत्या. मला वाटलं, तू आदीच घेतली आसशील. तू काय मागं ऱ्हाणारी हायस व्हय?"

"मला मेसेज नाही आला."

"आसं कसं? सगळ्यांना आला की."

मी डबा बंद केला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचाही केला. आम्ही दोघी चाचांकडे गेलो.

चाचांनी माझा नोंदणी क्रमांक आणि पासवर्ड टाकला. पडदा उघडला. जुन्या केंद्रापुढे 'रद्द' असं लिहिलं होतं. त्याखाली नवी जागा: लातूर. तारीख जुनीच्या आधीची. सकाळची पाळी. त्यापुढे 'स्वयंचलित वाटप'.

"म्हणजे काय?" मी विचारलं. मला कळलं होतं, तरी विचारलं.

"म्हणजे तू निवडलं नाही, तर मशीनने निवडलं," चाचा म्हणाले. "मुदत संपली. उमेदवाराने निवडलं की त्यापुढे 'उमेदवाराची निवड' येतं. हिच्यापुढे आलं होतं." त्यांनी मोहोळचीकडे हात केला.

मदतीच्या नंबरवर फोन लावला. बऱ्याच वेळाने एक बाई बोलल्या. त्यांचा आवाज वाईट नव्हता. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या नोंदणीकृत मोबाईलवर सूचना पाठवली आहे आणि ती पोहोचली आहे. मुदत संपायच्या आदल्या दिवशी आठवणही पाठवली आहे. आता बदल होत नाही." मी विचारलं, सोलापुरात एखादी जागा रिकामी झाली तर? त्या म्हणाल्या, ज्यांचं वाटप झालं आहे त्यांच्यासाठी खिडकी पुन्हा उघडत नाही. मग चाचांनी अर्जाची प्रत मागितली, टाचलेल्या चिठ्ठीवरून माझा ईमेल उघडला. तिथे दोन्ही सूचना होत्या, न उघडलेल्या, ठळक अक्षरात.

"ईमेलचं जाऊ दे," मोहोळची म्हणाली. "मोबाईल कुणाचा दिलास?"

"अन्नाचा."

चाचा उगाच प्रिंटरमधले कागद सारखे करत बसले.

घरी येईपर्यंत मी अन्नाच्या बाजूने कारणं शोधत होते. मागांच्या आवाजात मेसेजचा आवाज कळला नसेल. रोज कसले कसले मेसेज येतात, त्यात बुडाला असेल. लबाडीचा मेसेज समजून पुसला असेल. माझं कारणांचं दुकान चांगलं भरलं होतं.

अन्ना नुकताच आला होता. मोरीत तोंड धूत होता. अम्मा उंबऱ्याशी पानं कापत होती.

"अन्ना, माझं केंद्र बदललं," मी म्हणाले. "तुझ्या फोनवर मेसेज आला होता का?"

"रोज शंभर मेसेज येतात," तो तोंडावर पाणी मारत म्हणाला. "कुठे कुठे बघू?"

"सोलापूरचं रद्द झालं. आता बाहेर जावं लागणार."

"मग आता काय? लातूरला कोण नेणार तुला?"

मी लातूर म्हटलं नव्हतं.

पाणी चालूच होतं. त्याने नळ बंद केला, पण मान वर केली नाही. तेलुगूत असो, मराठीत असो, लातूरला लातूरच म्हणतात. तो शब्द आमच्या खोलीत आधी कधी कोणी उच्चारला असेल असं मला वाटत नाही.

"तू मेसेज वाचलास," मी म्हणाले.

"वाचला."

"पहिला पण?"

त्याने खुंटीवरचा टॉवेल ओढला.

"पहिला आला तेव्हा सोलापुरात जागा होत्या, अन्ना. फक्त मला सांगायचं होतंस. ओटीपी सांगायला पळत बाहेर आला होतास की नाही?"

तेव्हा अम्मा बोलली. कातर थांबवली नाही.

"त्याला बोलू नको. त्याने मला वाचून दाखवला. मीच म्हटलं, राहू दे."

मी तिच्याकडे बघत राहिले. अन्नाने केलं असतं तर मी भांडले असते, दोन दिवस जेवले नसते, आणि मग जेवले असते. पण अम्मा. माझ्या फीसाठी स्वतःचं मंगळसूत्र गहाण ठेवणारी. मला सूप बाजूला सारून दारातल्या उजेडात बसवणारी.

"का?" मी विचारलं.

"माझी बोटं बघ," ती म्हणाली. तिने दाखवली नाहीत, पानंच कापत राहिली. "तू पास होणार. तू नापास होत नाहीस कधी. मग कुठे तरी नेमणूक होणार. इथे विड्या कोण वळणार? माझ्या सैल होतात. चेकर फेकतो. कार्ड जाईल."

"मग मला तसं सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू थांबली असतीस?"

"थांबले असते की नाही, ते मी ठरवलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं," अम्मा म्हणाली.

अन्ना टॉवेलने तोंड पुसत उभा होता. तो टॉवेलही त्याच्याच मागावरचा, किनार चुकलेला. म्हणाला, "आणि खरं सांगू? सगळे मला म्हणतात, तुझी बहीण साहेब होणार, तू मात्र मागावरच. पेढे वाटले तेव्हापासून म्हणतात. हसत हसत म्हणतात. रोज."

"तूच म्हणाला होतास शिक म्हणून."

"शिक म्हणालो होतो," तो म्हणाला. "जा म्हणालो नव्हतो."

त्या दिवशी मी विड्या वळायला बसले नाही. आमच्या घरात हे पहिल्यांदा घडलं. अम्माने एकटीने जेवढ्या झाल्या तेवढ्या केल्या. दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन परत आली तेव्हा सगळ्या घेतल्या असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मी बसले. राग गेला होता म्हणून नाही. सैल विडी मला बघवत नाही.

हॉल तिकीट आलं ते लातूरचंच. मी दोघांनाही दाखवलं नाही. मोहोळचीने विचारलं, "र्‍हाणार कुटं?" मी म्हणाले, बघू. "बघू काय बघू? माझी मावशी हाय तितं. तिला फोन केलाय. ती म्हनली, येऊ दे, पर परीक्षेला उपाशी जाऊ देणार न्हाय."

परीक्षेच्या आदल्या दिवशी पिशवी भरली, ओळखपत्र घेतलं आणि अम्माला सांगितलं, "मी लातूरला चालले. उद्या संध्याकाळी येते." परवानगी मागितली नाही. आयुष्यात पहिल्यांदा नुसतं सांगितलं. अम्मा म्हणाली, "एकटी?" मी म्हणाले, "तुम्ही दोघांनी एकटीच ठेवलंत." हे बोलणं कडू होतं, मला माहीत आहे. ते मी मागे घेतलेलं नाही.

अन्ना स्टँडपर्यंत सोडायला निघाला. गाडी चालू करून बोळाच्या तोंडाशी थांबला होता. मी त्याच्या शेजारून चालत जाऊन रिक्षात बसले.

गाडी तुळजापूर, औसा करत गेली. खिडकीशी बसून मी गणिताची सूत्रं म्हणत होते आणि मधेच अम्माचा आवाज यायचा, मीच म्हटलं राहू दे. पुन्हा सूत्र पहिल्यापासून.

लातूरच्या केंद्रावर सकाळी रांग होती. कानातलं काढायला लावलं, फोटो काढला, मग बोटाचा ठसा. अंगठा यंत्रावर ठेवला, लाल दिवा. पुसून ठेवला, पुन्हा लाल. तिथला मुलगा म्हणाला, "ताई, ठसा झिजलाय. काय काम करता?" मागे रांग वाढत होती. मी म्हणाले, "विड्या वळते." त्याने दुसरं बोट मागितलं. तर्जनीही झिजलेली, दोरा तिच्यावरच ओढला जातो. करंगळीला दिवा हिरवा झाला. मला त्या क्षणी अम्माची बोटं आठवली आणि दया आली, आणि दया आली याचाच राग आला. मग मी आत जाऊन बसले. पडद्यावर माझं नाव होतं. वेळ सुरू झाली.

मी पास झाले. त्यानंतर कागदपत्रांची तपासणी झाली, पुष्कळ वाट पाहावी लागली, मग नेमणूक आली. बोळात बातमी पसरली तेव्हा अम्मा शेजारणींना सांगत होती, "एकटी लातूरला गेली परीक्षेला. आम्ही अडवलं नाही. मुलीला अडवायचं नसतं." अन्ना शेजारी उभा राहून मान हलवत होता. मी दारात होते. तिने मला पाहिलं आणि तरीही तेच वाक्य पुन्हा म्हणाली. मेसेज लपवला तेव्हा जेवढं लागलं नव्हतं, तेवढं ते लागलं. लपवण्याचं कारण तरी खरं होतं.

पेढ्यांचा पुडा आणला होता, तो अन्नाच्या हातात दिला. त्याने वाटले.

अम्माने पुढे कार्ड बंद केलं. अन्नाचं लग्न झालं, त्याची मुलगी आता शाळेत जाते. तिच्या दाखल्यावर कुठला नंबर लिहिलाय ते मी विचारलं आणि माझा लिहायला लावला. तो हसला, पण हरकत घेतली नाही. मी सणाला जाते. जेवते, बोलते, अम्माच्या बोटांना तेल लावून देते. त्या दोन मेसेजचं नाव कोणी काढत नाही.

मी माढ्याला एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. नोकरीत कायम झाले आहे. खोली माझ्या नावावर भाड्याने घेतली आहे आणि सगळीकडे माझा स्वतःचा नंबर नोंदवलेला आहे.